दोन उत्पादक, एक मंडी: कूर्नोचा द्वयाधिकार आकड्यांसकट सोडवताना

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.ए.च्या पहिल्या सत्राला अर्थशास्त्र घेतलेल्या इंदूरच्या मुलांना द्वयाधिकाराचा हा धडा शिकवताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. गणित त्यांना येतं. विकलन येतं, दोन समीकरणं सोडवता येतात, तरीही उत्तर चुकतं, आणि चुकलेलं उत्तर दिसायला अगदी बरोबर असतं. कारण या उदाहरणात कोणती पायरी आधी करायची आणि कोणती नंतर, यावर सगळं अवलंबून आहे. क्रम बदलला की तुम्ही वेगळ्याच बाजाराचं उदाहरण सोडवता आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. म्हणून हा लेख त्या क्रमाभोवतीच लिहिला आहे.

हे प्रारूप फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ऑगस्तँ कूर्नो यांनी १८३८ साली मांडलं. त्यांच्या उदाहरणात खनिज पाण्याच्या झऱ्यांचे दोन मालक होते आणि पाणी काढायला खर्च शून्य होता. आपण खर्च धरणार आहोत, तोही दोघांचा वेगवेगळा. खर्च सारखा धरला की उत्तर सममित येतं आणि अर्ध्या चुका त्या सममितीखाली झाकल्या जातात.

## हाताशी काय हवं

कोरा कागद, आलेखाचा एक कागद, पट्टी आणि पेन्सिल. कॅल्क्युलेटर लागणार नाही. उदाहरणातून मात्र चार गोष्टी आधी शोधून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: मागणीचं समीकरण, पहिल्याचा सीमांत खर्च, दुसऱ्याचा सीमांत खर्च आणि सगळ्यांची एककं. स्थिर खर्च दिला असेल तर तोही लिहा, पण बाजूला, चौकटीत. त्याचं काम शेवटी पडतं.

## १. आपला बाजार मांडून घ्या

समजा इंदूरच्या चोइथराम मंडीत बटण मश्रूमचे दोनच मोठे पुरवठादार आहेत. एकाच्या खोल्या शहराजवळ आहेत, दुसऱ्याचा माल लांबून येतो आणि त्याच्या खोल्या थंड ठेवायला वीजही जास्त लागते. पहिल्याला एक किलो मश्रूम मंडीपर्यंत आणायला ६० रुपये पडतात, दुसऱ्याला ९० रुपये. हे आकडे आणि पुढचे सगळे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, मंडीचे भाव म्हणून वाचू नका.

मश्रूमच का घेतला, तेही सांगतो. कूर्नोच्या प्रारूपात उत्पादक भाव ठरवत नाही, माल किती आणायचा ते ठरवतो. बटण मश्रूमचं बी कंपोस्टमध्ये मिसळल्यापासून पहिला तोडा हाती यायला साधारण महिना-सव्वा महिना जातो. किती खोल्या भरायच्या हा निर्णय त्यामुळे खूप आधी घेतलेला असतो, आणि त्या वेळी दुसऱ्याने किती भरल्या हे कळत नाही. माल मंडीत आला की तो साठवून ठेवता येत नाही, कारण एक-दोन दिवसांत काळा पडायला लागतो. मग दोघांची मिळून आवक जेवढी, त्यावर बोलीत भाव ठरतो. प्रमाण आधी आणि भाव नंतर, हा या प्रारूपाचा गाभा इथे आपोआप येतो. दोन पानवाल्यांचं किंवा दोन मोबाइल दुकानांचं उदाहरण घेऊन हे प्रारूप शिकायला बसलात तर पहिल्याच पायरीला अडाल, कारण ते दोघं भाव लावून बसलेले असतात.

मागणी अशी धरू:

```
P = 240 - 10Q
Q = q1 + q2
```

इथे P म्हणजे एका किलोचा भाव रुपयांत, आणि Q म्हणजे दिवसाची एकूण आवक क्विंटलमध्ये. आवक एक क्विंटलने वाढली की भाव किलोमागे १० रुपयांनी पडतो. मंडीतल्या कुठल्याही आडत्याला हे समीकरण शब्दांत सांगितलं तर तो मान डोलावेल. सरळ रेषेतच पडतो का, हा प्रश्न त्याने विचारला तर तोही रास्त आहे, पण रेषीय मागणी हे आपण मुद्दाम केलेलं सोपं गृहीतक आहे.

इथे एककांकडे नीट पाहा. भाव किलोमागे आहे आणि प्रमाण क्विंटलमध्ये. दोघांचा गुणाकार केला की जो आकडा येतो तो रुपयांत नसतो, शंभर रुपयांच्या पटीत असतो, कारण एका क्विंटलमध्ये १०० किलो असतात. नफा काढताना शेवटी १०० ने गुणायचं आहे. आत्ताच कोपऱ्यात लिहून ठेवा.

## २. मागणी उलटी दिली असेल तर आधी सरळ करा

परीक्षेत मागणी पुष्कळदा अशी दिलेली असते:

```
Q = 24 - 0.1P
```

हे वरचंच समीकरण आहे, फक्त भावावरून प्रमाण सांगणारं. आपल्याला प्रमाणावरून भाव हवा, कारण उत्पादक प्रमाण निवडतो आणि भाव त्यातून निघतो. P एका बाजूला आणा: 0.1P = 24 - Q, म्हणून P = 240 - 10Q. ही पायरी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती गाळून 24 आणि 0.1 हेच आकडे पुढच्या सूत्रात घातले तर सगळं उदाहरण पाण्यात जातं. ओळखायची खूण सोपी आहे: समीकरणात P एकटा डावीकडे नसेल तर थांबा.

## ३. प्रत्येकाचा नफा स्वतंत्र लिहा

पहिल्याचा नफा म्हणजे किलोमागे सुटणारे पैसे गुणिले त्याचा स्वतःचा माल.

```
π1 = (240 - 10q1 - 10q2)q1 - 60q1
   = 180q1 - 10q1² - 10q1q2
```

दुसऱ्याचा:

```
π2 = (240 - 10q1 - 10q2)q2 - 90q2
   = 150q2 - 10q2² - 10q1q2
```

कंसात दोघांचाही माल आहे हे पाहून घ्या. भाव एकूण आवकेवर ठरतो, म्हणून पहिल्याच्या नफ्यात दुसऱ्याचं प्रमाण घुसलेलं आहे. या दोघांचं एकमेकांशी जे काही नातं आहे ते सगळं शेवटच्या 10q1q2 या पदात आहे. ते पद लिहायला विसरलात तर दोन वेगवेगळ्या मक्तेदारांची उत्तरं येतील: पहिला ९ क्विंटल, दुसरा साडेसात. असे आकडे दिसले की इथे परत या.

## ४. विकलन करा, आणि त्याआधी काहीही भरू नका

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

पहिल्याच्या नफ्याचं q1 च्या सापेक्ष विकलन करायचं, आणि ते करताना q2 हा स्थिर आकडा समजायचा. पहिला उत्पादक खोल्या भरताना मनात म्हणतो, 'समोरचा जे आणणार ते आणणारच, माझ्या निर्णयाने ते बदलत नाही. मग माझ्यासाठी सगळ्यात चांगलं प्रमाण कोणतं?' विकलन हाच प्रश्न गणिताच्या भाषेत विचारतं.

```
180 - 20q1 - 10q2 = 0
150 - 10q1 - 20q2 = 0
```

पुन्हा एकदा विकलन केलं तर दोन्हीकडे -20 येतं, म्हणजे ऋण, म्हणून मिळणारा बिंदू कमाल नफ्याचा आहे, किमान नव्हे. परीक्षेत ही एक ओळ लिहा.

आता चुकीच्या दोन वाटा पाहू. दोन्ही मोहात पाडणाऱ्या आहेत.

पहिली वाट सममितीची. ती नीट दिसावी म्हणून क्षणभर दोघांचाही खर्च ६० धरा. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं, 'काका, दोघं सारखेच आहेत तर q1 आणि q2 सारखेच येणार ना? मग आधीच q लिहून टाकलं तर काम निम्मं होईल.' प्रश्न हुशारीचा आहे. तसं केलं की पहिल्याचा नफा 180q - 20q² होतो, आणि विकलन करून q येतो साडेचार. योग्य रीतीने सोडवलं तर मात्र प्रत्येकाचा माल ६ क्विंटल येतो. दोन उत्तरं वेगळी का? नफ्यात दोघांच्या जागी एकच q भरल्यावर पहिला उत्पादक स्वतःचा माल वाढवताना समोरच्याचाही तेवढाच वाढेल असं धरून चालतो. दोघांच्या हाती जणू एकच नळ आला. हे दोघांनी संगनमत करून एकूण ९ क्विंटल आणायचं आणि अर्धं अर्धं वाटून घ्यायचं उत्तर आहे, म्हणजे कार्टेलचं.

या साडेचारमध्ये कुणी टिकत नाही, हेही आकड्यांतून दिसतं. दोघं साडेचार-साडेचार आणतात तेव्हा आवक ९, भाव १५०, आणि प्रत्येकाला दिवसाचे ४०,५०० रुपये सुटतात. समोरचा साडेचारवर ठाम आहे असं पहिल्याला कळलं आणि त्याने पावणेसात क्विंटल आणले, तर आवक सव्वाअकरा होते, भाव १२७.५० रुपये होतो, आणि त्याच्या हाती ४५,५६२.५० रुपये येतात. पाच हजारांहून जास्त फायदा. ज्या उत्तरातून एकट्याने हलून फायदा होतो ते समतोल नव्हे. सममिती वापरायची तर विकलन झाल्यावर वापरा. तेव्हा 180 - 30q = 0 मिळतं आणि q सरळ ६ येतो. काम निम्मं करण्याची तिची इच्छाही पुरी होते.

दुसरी चुकीची वाट अधिक सूक्ष्म आहे. काहीजण आधी दुसऱ्याचं समीकरण सोडवतात, q2 ला q1 च्या रूपात लिहितात, ते पहिल्याच्या नफ्यात भरतात आणि मग विकलन करतात. आपल्या मूळ उदाहरणात, म्हणजे ६० आणि ९० खर्चाच्या, असं केलं तर पहिल्याचा नफा 105q1 - 5q1² होतो, q1 साडेदहा येतो आणि q2 सव्वादोन. हेही उत्तर नेटकं दिसतं. पण इथे पहिला असं धरतो की आपण माल ठरवल्यावर समोरचा तो पाहील आणि त्याप्रमाणे आपला बदलेल. म्हणजे पहिला पुढारी आणि दुसरा मागून चालणारा. हे प्रारूप हाइनरिख फॉन श्टाकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये मांडलं आणि ते आपल्या जागी बरोबरच आहे. पण ज्या उदाहरणात दोघं एकाच वेळी, एकमेकांचं न पाहता ठरवतात, तिथे ते लागत नाही.

म्हणून उदाहरण वाचताना 'एकाच वेळी' किंवा 'आधी-नंतर' हे शब्द शोधा. एकाच वेळी असेल तर दोन्ही विकलनं पूर्ण होईपर्यंत एकाचं समीकरण दुसऱ्याच्या नफ्यात घालायचं नाही.

## ५. प्रतिक्रिया फलनं काढा

वरच्या दोन समीकरणांत प्रत्येकाचा माल एकटा काढा:

```
q1 = 9 - q2/2
q2 = 7.5 - q1/2
```

यांना प्रतिक्रिया फलनं म्हणतात. समोरचा इतका माल आणणार असेल तर माझ्यासाठी सर्वांत फायद्याचं प्रमाण किती, एवढंच ती सांगतात. पहिल्याचं वाचा: समोरचा काहीच आणणार नसेल तर ९ क्विंटल, आणि समोरच्याने एक क्विंटल वाढवला की माझा अर्धा क्विंटल कमी. हा अर्धा मागणीच्या उतारावर किंवा खर्चावर अवलंबून नसतो. रेषीय मागणी आणि स्थिर सीमांत खर्च असला की तो नेहमी अर्धाच येतो. तुमच्या उत्तरात अर्ध्याऐवजी दुसरं काही आलं तर विकलनात q1² मधला 2 कुठेतरी राहिला आहे, मागे जाऊन पाहा.

दोघांच्या फलनांत फरक आहे तो फक्त आरंभीच्या आकड्यात. खर्च जास्त असलेल्याच्या फलनातही अर्धा तोच, पण आरंभीचा आकडा लहान.

## ६. आलेख काढताना अक्षांची अदलाबदल करू नका

आडव्या अक्षावर q1, उभ्या अक्षावर q2 घ्या. पहिल्याची रेषा आडव्या अक्षाला ९ वर कापते. उभ्या अक्षाला ती कुठे कापते? q1 शून्य केला की q2 येतो १८. म्हणजे समोरच्याने १८ क्विंटल आणले तर पहिला मंडीत येणारच नाही, कारण तेव्हा भाव ६० वर आलेला असतो, त्याच्या खर्चाइतका. दुसऱ्याची रेषा उभ्या अक्षाला साडेसातवर आणि आडव्याला १५ वर कापते.

पुष्कळ वह्यांमध्ये पहिल्याची रेषा उभ्या अक्षावर ९ पासून काढलेली असते, कारण समीकरणात 9 आधी दिसतो आणि डावीकडचं चल उभ्या अक्षावर घ्यायची सवय असते. पण पहिल्याच्या समीकरणात डावीकडे q1 आहे आणि तो आडव्या अक्षावर आहे. आलेखात पहिल्याची रेषा जास्त उभी आणि दुसऱ्याची जास्त आडवी दिसली पाहिजे. उलटं दिसलं तर अक्ष बदलले गेले आहेत.

## ७. छेदबिंदू काढा

दुसऱ्याचं फलन पहिल्यात भरा. आता भरायला हरकत नाही, कारण विकलन झालेलं आहे.

```
q1 = 9 - (7.5 - q1/2)/2
q1 = 5.25 + q1/4
0.75 q1 = 5.25
q1 = 7
q2 = 7.5 - 3.5 = 4
```

पहिला ७ क्विंटल आणतो, दुसरा ४. आवक ११, भाव 240 - 110, म्हणजे किलोला १३० रुपये. पहिल्याला किलोमागे ७० सुटतात, ७ क्विंटलवर; ४९० येतात आणि ते १०० ने गुणल्यावर दिवसाचे ४९,००० रुपये. दुसऱ्याला किलोमागे ४० सुटतात, ४ क्विंटलवर, १६,००० रुपये.

महाग पडणारा दुसरा बाजारातून बाहेर फेकला गेला नाही, हे इथे लक्षात येईल. भाव पहिल्याच्या खर्चापर्यंत खाली आलाच नाही, कारण आवक वाढवली की आपल्याच सगळ्या मालाचा भाव पडतो हे पहिल्यालाही कळतं. दोघं भाव लावून लढले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. फ्रेंच गणितज्ञ जोझेफ बेर्त्राँ यांनी १८८३ मध्ये कूर्नोवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. भाव लावायची मुभा असेल आणि माल हवा तेवढा पुरवता येत असेल, तर स्वस्तात पिकवणारा ९० च्या किंचित खाली भाव लावून सगळं गिऱ्हाईक ओढून घेईल. आपल्या उदाहरणात ते घडत नाही, कारण माल आधीच खोल्यांत वाढलेला आहे आणि भाव बोलीत ठरतो.

## ८. उत्तर तपासा

तीन तपासण्या सांगतो. पहिली करणं मी सक्तीचं मानतो.

एकेकाला हलवून पाहा. दुसरा ४ वर ठेवा. पहिल्याने ६ आणले तर भाव १४०, सुटतात ८० गुणिले ६, म्हणजे ४८०. ७ आणले तर ४९०. ८ आणले तर भाव १२० आणि ६० गुणिले ८, म्हणजे पुन्हा ४८०. ७ वरच शिखर आहे. मग पहिला ७ वर ठेवून दुसऱ्याला हलवा: ३ वर १५०, ४ वर १६०, ५ वर १५०. दोघांपैकी कुणालाही एकट्याने हलून फायदा नाही. समतोलाची व्याख्याच ही आहे. जॉन नॅश यांनी १९५० च्या सुमारास ती कुठल्याही खेळासाठी व्यापक रूपात मांडली, म्हणून याला कूर्नो-नॅश समतोल म्हणतात. कार्टेलचं किंवा श्टाकेलबर्गचं उत्तर चुकून आलं असेल तर या तपासणीत ते हमखास पकडलं जातं.

दुसरी तपासणी भावाची. दोघांच्या बाजारात समतोल भाव म्हणजे मागणीच्या आरंभीच्या आकड्यात दोन्ही खर्च मिळवायचे आणि तीनने भागायचं. 240 + 60 + 90 म्हणजे 390, भागिले 3, १३०. जुळलं.

तिसरी नफ्याची. समतोलात प्रत्येकाचा नफा उतार गुणिले स्वतःच्या प्रमाणाचा वर्ग इतकाच येतो: 10 × 49 म्हणजे 490, आणि 10 × 16 म्हणजे 160. हे का, ते पायरी ४ च्या समीकरणातून एका ओळीत निघतं: भाव वजा खर्च म्हणजेच उतार गुणिले स्वतःचं प्रमाण. करून पाहा.

काही पुस्तकांत चौथी एक गोष्ट दाखवतात: पहिला ९ पासून सुरू करतो, त्यावर दुसरा ३ आणतो, मग पहिला साडेसात, दुसरा पावणेचार, पहिला ७.१२५, असं करत दोघं ७ आणि ४ कडे सरकतात. पहिल्याचं अंतर प्रत्येक फेरीत चौथाईवर येतं: २, मग अर्धा, मग एक-अष्टमांश. समतोल स्थिर आहे हे पाहायला ही कसोटी चांगली आहे. पण प्रारूपात दोघं खरोखर रोज असं मागेपुढे करत नाहीत. निर्णय एकदाच होतो. 'समतोल कसा येतो' या प्रश्नाला हेच उत्तर लिहिलं तर कडक परीक्षक गुण कापेल, आणि ते बरोबरच होईल.

## ९. अक्षरांत सूत्र

मागणी P = a - bQ आणि खर्च c1, c2 असतील तर पायरी ४ ची समीकरणं अशी होतात:

```
a - 2b q1 - b q2 - c1 = 0
a - b q1 - 2b q2 - c2 = 0
```

पहिलं दोनने गुणा आणि त्यातून दुसरं वजा करा. q2 निघून जातो आणि उरतं:

```
q1 = (a - 2c1 + c2) / 3b
q2 = (a - 2c2 + c1) / 3b
```

आपले आकडे घाला: (240 - 120 + 90)/30 म्हणजे ७, (240 - 180 + 60)/30 म्हणजे ४. सूत्र पाठ करायचंच असेल तर एवढं ध्यानात ठेवा की स्वतःचा खर्च दुपटीने उणा आणि समोरच्याचा एकपट अधिक. या सूत्रातून एक छान गोष्ट लगेच दिसते. पहिल्याचा खर्च १५ रुपयांनी घटून ४५ झाला तर तो ८ क्विंटल आणेल, दुसरा साडेतीनवर उतरेल, आणि भाव १२५ होईल. खर्च १५ ने घटला, भाव फक्त ५ ने. एकाच उत्पादकाची बचत झाली तर तिचा एक-तृतीयांशच गिऱ्हाइकापर्यंत पोचतो.

## १०. ऋण उत्तर आलं तर

दुसऱ्याचा खर्च ९० ऐवजी १६० धरा. सूत्राने q2 येतो उणे दोन-तृतीयांश आणि q1 येतो ९.३३. इथे पुष्कळजण q2 शून्य करतात आणि q1 ९.३३ तसाच ठेवतात. ते चूक आहे. तो ९.३३ हा समोरचा उणे माल आणतो असं धरून आलेला आकडा आहे. दुसरा बाहेर गेला की पहिल्याच्या प्रतिक्रिया फलनात q2 शून्य भरा: q1 म्हणजे ९, भाव १५०. सीमाही इथेच सापडते. पहिला एकटा असताना भाव १५० असतो, म्हणून ज्याचा खर्च १५० किंवा त्याहून जास्त आहे त्याला मंडीत येण्यात काही मिळत नाही.

बाजूला चौकटीत ठेवलेला स्थिर खर्चही आता बाहेर काढा. विकलनात तो नाहीसा होतो, म्हणून ७ आणि ४ या आकड्यांवर त्याचा परिणाम नाही. पण दुसऱ्याचा स्थिर खर्च दिवसाला १६,००० हून जास्त असेल आणि खोल्या बंद केल्यावर तो वाचत असेल, तर दुसरा बंदच करेल आणि पहिला पुन्हा ९ वर जाईल. वाचण्यासारखा नसेल, उदाहरणार्थ यंत्रांचे पैसे भरून झालेले असतील, तर तो ४ आणतच राहील. उदाहरणात कोणता प्रकार दिलाय हे शब्दांवरून ठरवा.

## ११. स्वतः करून पाहण्यासाठी

मागणी Q = 40 - P/5, पहिल्याचा सीमांत खर्च ५०, दुसऱ्याचा ८०. एककं वरचीच, म्हणजे भाव किलोमागे आणि माल क्विंटलमध्ये. वर न पाहता सोडवा आणि मग ताडून पाहा. सरळ केलेली मागणी P = 200 - 5Q. प्रतिक्रिया फलनं q1 = 15 - q2/2 आणि q2 = 12 - q1/2. प्रमाणं १२ आणि ६ क्विंटल, भाव ११० रुपये, नफे ७२,००० आणि १८,००० रुपये. तुमचा भाव जुळला पण नफा ७२० आणि १८० आला असेल तर पायरी १ मधलं एककांचं टिपण पाहा. आकडेच जुळले नसतील तर बहुधा पायरी २ राहिली आहे.